अहिराणी गाण्याचा आर्टिस्ट डॅशबोर्ड कसा वाचावा: श्रोते, सेव्ह, स्किप आणि श्रोत्यांच्या वाटा

जळगाव, धुळे, नंदुरबार या पट्ट्यात अहिराणी गाणे काढणारा कलावंत आज साधारणपणे दोन ठिकाणी आपल्या गाण्याचा हिशेब पाहतो. गाण्याचा व्हिडिओ यूट्यूबवर असतो, त्यासाठी यूट्यूब स्टुडिओ. आणि तेच गाणे वितरकामार्फत स्पॉटिफायवर गेलेले असते, त्यासाठी स्पॉटिफाय फॉर आर्टिस्ट्स. दोन्हीकडे पडद्यावर सर्वांत ठळक दिसतो तो एकूण आकडा: एकीकडे श्रोते, दुसरीकडे व्ह्यू. माझ्या मते हा आकडा सर्वांत शेवटी वाचावा. गाणे कोणत्या वाटेने लोकांपर्यंत पोहोचले हे आधी पाहिले, तरच श्रोते किती, त्यांतील किती जणांनी गाणे ठेवून घेतले आणि किती जण मध्येच उठून गेले, या तिन्ही गोष्टींना अर्थ येतो.

हे एका उदाहरणावरून पाहू. समजा, अमळनेरच्या एका गायिकेचे हळदीचे अहिराणी गाणे 1 फेब्रुवारीला दोन्हीकडे प्रसिद्ध झाले. 28 फेब्रुवारीपर्यंत म्हणजे बरोबर 28 दिवसांत स्पॉटिफायवर त्याला 3,000 श्रोते, 5,400 स्ट्रीम आणि 120 सेव्ह मिळाले. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून योजलेले आहेत, पण त्यांची वागणूक खऱ्या डॅशबोर्डवर दिसते तशीच ठेवली आहे. एका श्रोत्यामागे सरासरी 1.8 स्ट्रीम आणि शंभर श्रोत्यांमागे 4 सेव्ह, असा हा हिशेब होतो. वरवर पाहता महिना चांगला गेला असे वाटते.

वाचायला बसण्यापूर्वी

स्पॉटिफाय फॉर आर्टिस्ट्सचे खाते मोफत असते. आपले प्रोफाइल आपल्या ताब्यात आले की `Music` या भागात गाण्यांची यादी दिसते. त्यातून एकच गाणे उघडावे. कलावंताच्या पातळीवरचे आकडे सर्व गाण्यांचे एकत्र असतात आणि त्यांत जुने लोकप्रिय गाणे नव्या गाण्याचा दोष सहज झाकून टाकते. गाणे उघडल्यावर मुदत निवडण्याची सोय असते. तेथे 28 दिवसांबरोबर 7 दिवसांची मुदतही पाहावी, कारण आपले खरे काम त्या सात दिवसांवर चालणार आहे.

आकडे लगेच अद्ययावत होत नाहीत. एक-दोन दिवसांचा उशीर गृहीत धरावा. म्हणून दर आठवड्याला एकच वार ठरवून त्याच वारी डॅशबोर्ड उघडावा आणि पडद्यावर दाखवलेल्या तारखांसकट आकडे उतरवून घ्यावेत. वार ठरलेला असला की एक आठवडा दुसऱ्यावर चढत नाही आणि मधला दिवसही सुटत नाही. यूट्यूबच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. यूट्यूब स्टुडिओतील दिवस अमेरिकेच्या पॅसिफिक वेळेप्रमाणे मोजला जातो. हिवाळ्यात तो आपल्याकडे दुपारी दीड वाजता सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी दुपारी दीडला संपतो. उन्हाळ्यात हीच वेळ साडेबाराची असते. सकाळच्या हळदीत वाजलेले गाणे यूट्यूबवर आदल्या दिवसाच्या खात्यात दिसते ते यामुळे. दोन मंचांचे एकेका दिवसाचे आकडे शेजारी ठेवून जुळवत बसण्यात वेळ घालवू नये. आठवड्याशी आठवडा लावावा.

उतरवून घेण्यासाठी साधी स्प्रेडशीट पुरे. पहिल्या रकान्यात आठवडा, मग श्रोते, स्ट्रीम आणि सेव्ह असे चार रकाने करावेत. पाचव्यात एका श्रोत्यामागचे स्ट्रीम आणि सहाव्यात शंभर श्रोत्यांमागचे सेव्ह काढण्यासाठी ही दोन सूत्रे लिहावीत:

```
=ROUND(C2/B2,2)
=ROUND(D2/B2*100,1)
```

आपल्या हळदीच्या गाण्याची शीट अशी दिसते:

| आठवडा | श्रोते | स्ट्रीम | सेव्ह | श्रोत्यामागे स्ट्रीम | शंभरामागे सेव्ह |
|---|---|---|---|---|---|
| 1 ते 7 | 600 | 1,080 | 42 | 1.8 | 7 |
| 8 ते 14 | 700 | 1,190 | 42 | 1.7 | 6 |
| 15 ते 21 | 1,350 | 1,650 | 21 | 1.22 | 1.6 |
| 22 ते 28 | 1,250 | 1,480 | 15 | 1.18 | 1.2 |

श्रोते मोजले जातात कसे

चारही आठवड्यांच्या श्रोत्यांची बेरीज 3,900 होते आणि 28 दिवसांचा आकडा मात्र 3,000 आहे. यात चूक काहीच नाही. निवडलेल्या मुदतीत एक माणूस कितीही वेळा आला तरी तो एकदाच मोजला जातो. पहिल्या आठवड्यात ऐकून दुसऱ्या आठवड्यात परत आलेली व्यक्ती आठवड्यांच्या खात्यात दोनदा दिसते, पण महिन्याच्या खात्यात एकदाच. म्हणून श्रोत्यांच्या आकड्यांची बेरीज कधीही करू नये. स्ट्रीम आणि सेव्ह यांची बेरीज बिनदिक्कत करता येते. दोन गाण्यांच्या श्रोत्यांचीही बेरीज करू नये, कारण तुमची दोन्ही गाणी ऐकणारी माणसे पुष्कळदा तीच असतात.

प्रोफाइलवर सर्वांना दिसणारा मासिक श्रोत्यांचा आकडा हा कॅलेंडरच्या महिन्याचा नसून सरकत्या 28 दिवसांचा असतो. रोज एक नवा दिवस आत येतो आणि 28 दिवसांपूर्वीचा दिवस बाहेर पडतो. समजा, 5 तारखेला एका मोठ्या लग्नाच्या चित्रफितीमुळे 400 नवे श्रोते आले आणि परत फिरकले नाहीत, तर चार आठवड्यांनी ते 400 श्रोते आकड्यातून एकाच झटक्यात गळतात. त्या दिवशी गाण्याचे काहीही बिघडलेले नसते, पण पाहणाऱ्याला वाटते की आजच काहीतरी घडले. आकडा अचानक पडलेला दिसला की आधी 28 दिवस मागे जाऊन त्या तारखेला काय झाले होते ते पाहावे. बहुतेक वेळा उत्तर तेथेच सापडते.

आणखी एक मर्यादा खान्देशातल्या कलावंताने विशेष जाणून घ्यावी. हळदीच्या मांडवात एका फोनवरून स्पीकर लावून गाणे वाजले आणि तीनशे माणसांनी ऐकले, तरी डॅशबोर्डवर श्रोता एकच. पेनड्राइव्हवरून डीजेने वाजवलेले किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर फाइल म्हणून फिरलेले गाणे तर या हिशेबात येतच नाही. लग्नाच्या गाण्याचा डॅशबोर्ड त्यामुळे नेहमी काहीसा अपुरा असतो, आणि लोकगीताच्या अंगाने जाणाऱ्या गाण्यांच्या बाबतीत हा अपुरेपणा अधिक.

गाणे कोणत्या वाटेने गेले

गाण्याच्या पानावर `Source of streams` नावाचा भाग असतो. तेथे स्ट्रीमचे दोन मोठे गट दिसतात. एका गटात श्रोत्याने स्वतःहून गाणे लावलेले असते: तुमच्या प्रोफाइलवर येऊन, किंवा स्वतःच्या लायब्ररीतून अथवा स्वतः केलेल्या प्लेलिस्टमधून. दुसऱ्या गटात गाणे श्रोत्यापुढे आपोआप आलेले असते: स्पॉटिफायच्या संपादकांच्या प्लेलिस्टमधून, श्रोत्याच्या आवडीवरून यंत्रणेने बनवलेल्या याद्यांमधून, रेडिओ व ऑटोप्लेमधून, किंवा भलत्याच कोणीतरी केलेल्या प्लेलिस्टमधून.

आपल्या गाण्याच्या 5,400 स्ट्रीमची वाटणी अशी आहे असे धरू: श्रोत्यांच्या स्वतःच्या याद्या व लायब्ररीतून 1,350, प्रोफाइलवरून 1,080, रेडिओ व यंत्रणेच्या याद्यांमधून 810, आणि इतर लोकांच्या प्लेलिस्टमधून 2,160. शेवटचा आकडा एकूण स्ट्रीमच्या 40 टक्के आहे. एवढा वाटा दिसला की तेथेच थांबून गाण्याच्या प्लेलिस्टची यादी उघडावी. कोणत्या प्लेलिस्टमधून किती स्ट्रीम आले आणि गाणे तिच्यात कधी घातले गेले हे तेथे कळते. आपल्या उदाहरणात 2,160 पैकी 1,900 स्ट्रीम एकाच प्लेलिस्टमधून आलेले दिसतात आणि गाणे तिच्यात 15 फेब्रुवारीला घातलेले आहे.

आता शीटकडे परत यावे. 15 ते 28 या पंधरवड्यात एकूण 3,130 स्ट्रीम झाले. त्यांतून या प्लेलिस्टचे 1,900 वजा केले की बाकी 1,230 उरतात. पहिल्या पंधरवड्यात हीच बाकी, म्हणजे ही प्लेलिस्ट येण्याआधीचे सर्व ऐकणे, 2,270 होती. श्रोत्यांचा ठळक आकडा आठवड्याला 700 वरून 1,350 वर गेला, त्याच काळात लोकांनी आपणहून किंवा नेहमीच्या वाटांनी ऐकणे जवळजवळ निम्म्यावर आले. नवे गाणे पहिल्या लाटेनंतर ओसरते हे स्वाभाविक आहे आणि ही उतरण कदाचित तेवढीच असेल. पण ती दिसायला तर हवी. या महिन्यात ती वाढत्या आकड्याखाली पूर्ण झाकली गेली होती, आणि 28 दिवसांची 1.8 ही सरासरी पहिल्या आठवड्याच्या सरासरीइतकीच असल्यामुळे तिनेही काही सांगितले नाही.

ती प्लेलिस्ट खरी की खोटी, हा पुढचा प्रश्न. 2024 पासून स्पॉटिफाय 12 महिन्यांत किमान 1,000 स्ट्रीम न गाठलेल्या गाण्याला ध्वनिमुद्रणाची रॉयल्टी देत नाही. तेव्हापासून पैसे घेऊन आकडा गाठून देतो म्हणणाऱ्यांचे संदेश लहान कलावंतांना येतात आणि त्यांच्या मागे पुष्कळदा यंत्रांनी चालवलेल्या याद्या असतात. ओळखण्याच्या तीन खुणा आहेत. पहिली, रोजचे स्ट्रीम सपाट असतात. 14 दिवसांत 1,900 म्हणजे दिवसाला सुमारे 136. आलेखावर रोज 130 ते 140 याच पट्ट्यात रेघ चालली असेल तर संशय घ्यावा, कारण माणसांचे ऐकणे लग्नतिथीला चढते आणि कामाच्या दिवशी उतरते. दुसरी, श्रोत्यांच्या शहरांत अहिराणीशी काहीही नाते नसलेले परदेशी शहर एकाएकी वर येते. तिसरी, एका श्रोत्यामागचे स्ट्रीम एकाच्या आसपास राहतात आणि सेव्ह जवळजवळ शून्य असतात.

यांपैकी एकच खूण दिसली तर घाई करू नये. खऱ्या माणसांनी पार्श्वसंगीतासारखी लावून ठेवलेली यादीही एकदाच ऐकली जाते आणि तीतून सेव्ह कमीच येतात. तिन्ही खुणा एकत्र दिसल्या, तर मात्र ती प्लेलिस्ट स्पॉटिफायच्या तक्रार अर्जातून कळवावी आणि आपल्या वितरकालाही लेखी कळवून ठेवावे. कृत्रिम ठरलेल्या स्ट्रीमचे पैसे मिळत नाहीत, आणि 2024 पासून उघड उघड कृत्रिम स्ट्रीम असलेल्या गाण्यांसाठी स्पॉटिफाय लेबल व वितरकांना दंड आकारते. काही वितरक तो कलावंताकडून वसूल करतात किंवा गाणेच काढून टाकतात. आपण होऊन आधी कळवलेले असले, तर निदान आपली बाजू कागदावर राहते.

सेव्ह: भागाकार कशाने करावा

सेव्ह म्हणजे श्रोत्याने गाणे आपल्या लायब्ररीत ठेवून घेणे. आपल्या यादीत घालणे हे वेगळ्या रकान्यात मोजले जाते. दोन्ही मिसळू नयेत. नुसत्या सेव्हच्या संख्येला फारसा अर्थ नाही, ती श्रोत्यांनी भागल्यावरच बोलू लागते. आदर्श टक्केवारी किती असावी याचे ठोकताळे इंटरनेटवर पुष्कळ फिरतात, पण हिंदी चित्रपटगीत आणि हळदीचे अहिराणी गाणे यांना एकच माप लावता येत नाही. तुलना आपल्याच मागच्या गाण्याशी आणि त्याच वयाच्या आठवड्याशी करावी: जुन्या गाण्याचा दुसरा आठवडा आणि नव्याचा दुसरा आठवडा. सात दिवसांची टक्केवारी 28 दिवसांच्या टक्केवारीशीही लावू नये, कारण भाजकातील श्रोते दोन्हीकडे वेगळ्या रीतीने मोजलेले असतात.

वयाचे महत्त्व येथे अधिक आहे. ज्याने पहिल्या आठवड्यात गाणे सेव्ह केले, तो दुसऱ्या आठवड्यात पुन्हा ऐकायला येतो तेव्हा श्रोता म्हणून मोजला जातो, पण सेव्ह तो दुसऱ्यांदा करत नाही. म्हणून गाणे मुरत जाते तशी सेव्हची टक्केवारी आपोआप खाली येते. 7 वरून 6 वर येणे ही अशीच उतरण आहे आणि तिची काळजी करण्याचे कारण नाही.

6 वरून 1.6 वर कोसळणे हे मात्र त्या उतरणीत बसत नाही. त्याचा उलगडा वाटांच्या हिशेबातून होतो. दुसऱ्या पंधरवड्यात प्लेलिस्ट वगळता 1,230 स्ट्रीम होते. एका श्रोत्यामागे 1.7 हा आधीचा दर धरला, तर ते साधारण 720 श्रोते होतात. त्या पंधरवड्यातील सगळे 36 सेव्ह त्यांचेच मानले, तरी शंभरामागे 5 सेव्ह होतात, म्हणजे जवळजवळ जुनाच दर. याचा अर्थ, नेहमीच्या वाटांनी आलेल्या माणसांना गाणे पूर्वीइतकेच आवडत होते आणि प्लेलिस्टमधून आलेल्यांपैकी ते जवळपास कोणीच ठेवून घेतले नाही. हा अंदाज आहे, कारण कोणत्या वाटेने किती सेव्ह झाले हे डॅशबोर्ड सांगत नाही. पण गाणे पडले की फक्त गर्दी वाढली, एवढा निवाडा करायला तो पुरतो.

स्किप: जो आकडा दिसत नाही

स्किपचा दर पाहायला स्पॉटिफाय फॉर आर्टिस्ट्स उघडणारा निराश होतो, कारण तेथे तो आकडा कलावंताला दाखवलाच जात नाही. शिवाय तेथे स्ट्रीम मोजला जातो तो गाणे किमान 30 सेकंद वाजल्यावर. विसाव्या सेकंदाला पुढे गेलेल्या माणसाचे ऐकणे स्ट्रीममध्ये धरलेलेच नसते. आपल्याला दिसतात ते टिकलेले लोक. उठून गेलेले किती, हे स्ट्रीमच्या आकड्यावरून काढता येत नाही.

यूट्यूब स्टुडिओ येथे कामाला येतो. व्हिडिओ उघडून `Analytics` मध्ये गेले की प्रेक्षक कोणत्या क्षणी किती उरले याचा आलेख मिळतो. तयार व्हायला त्याला एक-दोन दिवस लागतात. आलेखावर बोट किंवा माउस फिरवला की त्या सेकंदाचा टक्का दिसतो. हळूहळू उतरणारी रेघ ही प्रत्येक व्हिडिओची रीत आहे. पाहायचे ते तीन प्रकार: एकदम कोसळणारा भाग, सपाट राहणारा भाग आणि उंचवटा. कोसळणे म्हणजे लोक सोडून गेले किंवा तो भाग ओलांडून पुढे गेले. सपाट म्हणजे जे होते ते बसून राहिले. उंचवटा म्हणजे लोकांनी तो भाग मागे घेऊन पुन्हा पाहिला किंवा थेट तेथे उडी मारली.

आपल्या गाण्याचा व्हिडिओ 4 मिनिटे 10 सेकंदांचा आहे. त्याच्या सुरुवातीला निर्मात्याचा लोगो, शेताचे ड्रोनने घेतलेले दृश्य आणि मामा-भाच्याचा विनोदी संवाद असे 28 सेकंद आहेत; सनई त्यानंतर सुरू होते. आलेखावर 30 व्या सेकंदाला 52 टक्के प्रेक्षक उरलेले दिसतात, आणि सनई सुरू झाल्यापासून रेघ बरीच सपाट होते. ध्रुवपदाजवळ, 1 मिनिट 5 सेकंदांवर, छोटा उंचवटा आहे. हे वाचायला अवघड नाही: जी माणसे गेली ती गाणे सुरू होण्याआधीच गेली, आणि ज्यांनी गाणे ऐकले त्यांना ते सोडवले नाही. गाण्यात दोष नाही. त्याच्यापर्यंत पोहोचायला लागणारा वेळ हा दोष आहे.

तरी निष्कर्षाची घाई करण्यापूर्वी वाट पाहावीच. यूट्यूबवर प्रेक्षक कोठून आले याची यादी असते: शोध, सुचवलेले व्हिडिओ, मुख्य पानावरील शिफारसी, बाहेरचे दुवे. अधिक तपशिलाच्या `Advanced mode` मध्ये प्रत्येक वाटेसमोर सरासरी किती वेळ पाहिले गेले हेही दिसते. आपल्या उदाहरणात नाव टाकून शोधणारे सरासरी 2 मिनिटे 35 सेकंद थांबले आणि सुचवलेल्या व्हिडिओतून आलेले 1 मिनिट 15 सेकंद. शोधून येणाऱ्याला गाणे हवेच असते, म्हणून तो संवाद सहन करतो. सुचवणीतून आलेल्याला तुम्ही कोण ते माहीत नसते. एखाद्या आठवड्यात सुचवणीचा वाटा वाढला, तर व्हिडिओत काहीही न बदलता एकूण सरासरी खाली येते. आणि ती घसरण म्हणजे गाणे नव्या लोकांपुढे जाऊ लागल्याची खूणही असू शकते.

उपाय म्हणून व्हिडिओ काढून नवा टाकू नये. दुवा आणि जमलेले व्ह्यू दोन्ही जातात. यूट्यूब स्टुडिओच्या एडिटरमध्ये सुरुवात कापता येते आणि दुवा तोच राहतो. 1,00,000 पेक्षा जास्त व्ह्यू असलेल्या व्हिडिओत असा बदल करायला चॅनेल यूट्यूबच्या भागीदार कार्यक्रमात असावे लागते, त्यामुळे कापायचे असेल तर लवकर कापावे. कापल्यानंतर जुन्या आणि नव्या आलेखाची तुलना तारखा वेगळ्या करूनच करावी.

येथे एक मर्यादा आहे. स्पॉटिफायवर गेलेल्या ध्वनिफितीत तो 28 सेकंदांचा भाग नसेल, तर यूट्यूबवरचा हा निष्कर्ष तिकडे लागू होत नाही. दोन्हींची सुरुवात एकच असेल तरच यूट्यूबचा आलेख स्पॉटिफायच्या न दिसणाऱ्या स्किपचा अंदाज देतो. शॉर्ट्सचा हिशेबही यात मिसळू नये. 31 मार्च 2025 पासून शॉर्ट सुरू झाला की लगेच व्ह्यू धरला जातो, किती वेळ पाहिला याची अट नाही. त्यामुळे शॉर्टचे लाख व्ह्यू आणि पूर्ण गाण्याचे लाख व्ह्यू एका मापाने मोजता येत नाहीत.

कोणत्या गावातून

शहरांची यादी पाहताना खान्देशातल्या कलावंताला बहुधा दोन धक्के बसतात: सुरत वर असते आणि धुळे, जळगाव अपेक्षेपेक्षा खाली. सुरतेचे आश्चर्य वाटू नये. तापी खोऱ्यातल्या रेल्वेने खान्देशातून सुरतेला कामासाठी जाणे पिढ्यांपासून चालत आले आहे. उधना आणि लिंबायत भागात खान्देशी वस्ती मोठी आहे. पण आपल्या जिल्ह्यांचे खाली दिसणे मात्र जपून वाचावे. शहर ठरते ते इंटरनेट जोडणीच्या पत्त्यावरून, आणि मोबाइल डेटावरच्या फोनचा पत्ता पुष्कळदा कंपनीच्या मोठ्या केंद्राच्या शहरात दिसतो. पारोळ्याच्या शेतात बसून ऐकणारा माणूस मुंबई किंवा पुण्याच्या खात्यात पडू शकतो, आणि नवापूरचा सुरतेच्या.

म्हणून एका आठवड्याच्या यादीवरून कार्यक्रमाचे गाव ठरवू नये. चार-पाच आठवडे तेच शहर टिकून राहते का ते पाहावे, आणि डॅशबोर्डबाहेरचा एखादा पुरावा त्याला जोडावा. हळदीच्या सुपाऱ्यांसाठी येणारे फोन कोठून येतात, यूट्यूबच्या प्रतिक्रियांत लोक कोणत्या गावांची नावे लिहितात, या दोन गोष्टी शहरांच्या यादीइतक्याच भरवशाच्या आहेत. उलट, टक्केवारीपेक्षा बदल अधिक विश्वासार्ह असतो. सुरतेचा वाटा एका महिन्यात दुप्पट झाला, तर मोजण्यातली चूक दोन्ही महिन्यांत सारखीच असल्यामुळे तो बदल बहुधा खरा असतो.

पंचांगही हाताशी ठेवावे. लग्नाच्या गाण्याची तुलना मागच्या महिन्याशी केली तर हंगामाचाच चढउतार दिसतो, म्हणून मागच्या वर्षीच्या त्याच काळाशी ती करण्याची पद्धत आहे. तेथेही अधिक मास फसवतो. 2026 मध्ये 17 मे ते 15 जून हा अधिक ज्येष्ठ आहे; त्या काळात लग्ने जवळजवळ नसतात, आणि 2025 च्या त्याच तारखांशी तुलना करणाऱ्याला गाणे संपले असे वाटेल. कानबाईच्या गाण्यांचे तसेच. 2023 मध्ये अधिक श्रावणामुळे नागपंचमी 21 ऑगस्टला होती आणि 2024 मध्ये 9 ऑगस्टला, त्यामुळे कानबाईचा रविवार अनुक्रमे 27 आणि 11 ऑगस्टला पडला. तारखेशी तारीख जुळवली तर एका वर्षाचा उत्सव दुसऱ्या वर्षीच्या रिकाम्या आठवड्यासमोर उभा राहतो. तिथीशी तिथी जुळवावी.

या गाण्याचे पुढे काय करावे

आता हळदीच्या गाण्याचा निर्णय घेता येतो. ती प्लेलिस्ट तीन खुणांवर तपासून, तशी निघाल्यास कळवून टाकावी. मासिक श्रोत्यांचा आकडा त्यानंतरच्या चार आठवड्यांत उतरणार हे आधीच गृहीत धरावे आणि ती घसरण शीटमध्ये टिपून ठेवावी, म्हणजे त्या वेळी घाबरून जाहिरातीवर पैसे खर्च होणार नाहीत. व्हिडिओची पहिली 28 सेकंदे कापून सनईपासून सुरुवात करावी. मार्चच्या लग्नतिथी सुरू झाल्यावर शीटमध्ये फक्त स्वतःहून ऐकणाऱ्यांच्या दोन वाटांचे स्ट्रीम आणि शंभरामागचे सेव्ह पाहावेत. हे दोन्ही फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्याच्या जवळ परत आले, तर गाणे हंगामात रुजते आहे. सेव्हचा दर टिकला आणि स्ट्रीम मात्र खालीच राहिले, तर गाणे आवडते आहे पण पोहोचत नाही. मग पुढचा खर्च गाण्यावर न करता ते बँडवाल्यांपर्यंत, हळदीच्या चित्रफिती करणाऱ्यांपर्यंत आणि सुरतेतल्या मंडळांपर्यंत नेण्यावर करावा. दोन्ही खाली राहिले, तर पुढच्या गाण्याच्या तयारीला लागावे आणि त्याचा पहिला आठवडा याच शीटमध्ये या गाण्याच्या पहिल्या आठवड्याखाली लिहावा.